मदत हवी आहे: साइटवरचं नेट मध्येच जातं, फोनचा पर्याय आमंत्रणात कसा लिहायचा?

रेघोट्या: पवनचक्क्यांच्या साइटवरच्या इंजिनियरबरोबर दर सोमवारी ११ वाजता व्हिडिओ मीटिंग असते. दहा मिनिटांत चित्र गोठतं. आमंत्रणात ‘नेट गेलं तर फोनवर बोलू’ असं लिहिलं होतं. गेल्या वेळी दोघंही एकमेकांना फोन लावत बसलो आणि दोघांनाही एंगेज. नेमकं काय लिहावं?

चिंगळी: व्हॉट्सअ‍ॅप कॉल करा की. व्हिडिओच्या मानाने फारच कमी नेट लागतं.

तारवाला: कमी लागतं हे खरं, पण लागतं तरी नेटच. नेट रडतखडत चालू असेल तोवर ठीक, गेलंच तर तोही गेला.

रेघोट्या, फोन कोणी लावायचा हे ठरलेलं नाही, म्हणून एंगेज. असं लिहा: ‘आवाज १ मिनिट तुटला तर मी तुमच्या मोबाइलवर फोन करेन. तुम्ही लावू नका, फोन मोकळा ठेवा. ३ मिनिटांत माझा फोन आला नाही तर मला एसएमएस करा.’ खाली तुमचा नंबर द्या, म्हणजे अनोळखी समजून ते कट करणार नाहीत. हाच मजकूर आदल्या दिवशी एसएमएसने पाठवा. नेट गेल्यावर मेल कुठून उघडणार?

आता खरी गोम. त्यांच्या मोबाइलवर वायफाय कॉलिंग चालू असेल, तर साधा फोनसुद्धा त्याच साइटच्या नेटवरून जाऊ शकतो. रेंज आहे असं वाटतं आणि नेट गेलं की कॉलही तुटू शकतो. मीटिंगपुरतं ते सेटिंग बंद करायला सांगा. मग ते जिथे बसतात तिथूनच, वायफाय बंद करून, ५ मिनिटं बोलून पाहा. कंटेनर ऑफिसच्या पत्र्यात रेंज मरते, दारात उभं राहिलं की येते. तसं असेल तर खुर्ची दाराशी.

घाटमाथा: आमच्या साइटवर टॉवरच नाही, फक्त सॅटेलाइटचं नेट. मग?

तारवाला: मग मोबाइलचा पर्यायच नाही. सॅटेलाइट फोन असेल तर त्याला उघडं आकाश लागतं, म्हणजे माणसाला बाहेर यावं लागणार. वेळ आधी ठरवा, नाहीतर आत वाजणारच नाही.

रेघोट्या: कधी कधी आम्ही चौघं असतो.

तारवाला: मग मीटिंगचा डायल-इन नंबर द्या, म्हणजे साध्या फोनवरून मीटिंगमध्ये येता येतं. नंबर आपल्याच देशातला. एका ओळीत असा लिहा, म्हणजे आयडी दाबत बसावं लागत नाही:

```
<नंबर>,,<मीटिंग आयडी>#
```

स्वल्पविराम म्हणजे थोडा थांबा. आयडी लवकर जातोय असं दिसलं तर आणखी एक टाका. फोनवरून आल्यावर लॅपटॉपचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद हवेत, नाहीतर नेट परत आलं की आवाज घुमतो.

चिंगळी: एवढं करण्यापेक्षा मीटिंग पहिल्यापासून फोनवरच घ्या ना.

रेघोट्या: पात्यावरची चीर बघायची असते, म्हणून व्हिडिओ.

तारवाला: चीर गोठलेल्या व्हिडिओत काय दिसणार? फोटो आदल्या रात्री मागवा, फोटोंना क्रमांक द्या आणि फोनवर ‘फोटो ४, डावी कड’ असं बोला.

घाटमाथा: पण चीर त्याच सकाळी दिसली तर?