शब्दचर्चा : ‘विशालन’ आणि ‘विशालनक्षमता’ हे दोन शब्द आहेत की एकच?

महाल येथील शिक्षिका :
अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या चाचणीसाठी मी मराठी माध्यमातून आलेल्या मुलांकरिता टिपण तयार करीत आहे. दहावीत ही मुले ‘विशालन’ हा शब्द प्रतिमेची उंची भागिले वस्तूची उंची या अर्थाने शिकून येतात, आणि आता संयुक्त सूक्ष्मदर्शक व खगोलीय दूरदर्शक शिकताना ‘विशालनक्षमता’ हा शब्द त्यांच्यासमोर येतो. शेजारच्या हिंदी माध्यमाच्या वर्गातील मुले ‘आवर्धन’ आणि ‘आवर्धन क्षमता’ म्हणतात, तेव्हा तिथेही हीच जोडी आहे. गेल्या आठवड्यात एका मुलीने मला विचारले की, दूरदर्शकाच्या पदार्थभिंगाने पडलेली चंद्राची प्रतिमा चंद्रापेक्षा कोट्यवधी पटींनी लहान असते, मग त्या दूरदर्शकाचे विशालन वीस पट आहे असे आपण का म्हणतो? उत्तर मी दिले, परंतु त्याची मांडणी माझ्याच मनाला पटली नाही. या दोन शब्दांचा वापर नेमका कुठे वेगळा करावा, यावर जाणकारांनी लिहावे.

भाषांतरकार, धरमपेठ :
माझ्या मते हा फरक केवळ शब्दाच्या लांबीचा आहे. ‘विशालन’ म्हणजे मोठे करण्याची क्रिया, आणि ‘क्षमता’ म्हणजे ती क्रिया करण्याचे उपकरणाचे सामर्थ्य. गाडीचा वेग आणि गाडीची वेगक्षमता यांत जो संबंध आहे, तोच इथे आहे. उपकरण जेवढे मोठे करू शकते तेवढी त्याची क्षमता, आणि प्रत्यक्षात जेवढे केले तेवढे विशालन. खरी अडचण दुसरीच आहे. दहावीत ‘भिंगाची शक्ती’ डायॉप्टरमध्ये मोजतात, आणि त्यामुळे मुले ‘शक्ती’ व ‘क्षमता’ यांची गल्लत करतात. ती टाळण्यासाठी ‘क्षमता’ हा शब्दच वगळावा आणि दोन्ही ठिकाणी ‘विशालन’ लिहावे.

निवृत्त प्राध्यापक, प्रकाशशास्त्र :
शक्तीविषयीची आपली शंका रास्त आहे, परंतु पहिले विधान मला मान्य नाही. हा फरक क्रिया आणि सामर्थ्य यांच्यातील नाही. विशालनात आपण दोन उंचींची तुलना करतो, तर विशालनक्षमतेत दोन कोनांची. डोळ्याला वस्तू मोठी वाटते ती तिच्या उंचीमुळे नव्हे, तर ती डोळ्याशी जो कोन करते त्यामुळे. म्हणून एका शब्दाने दोन्ही गोष्टी सांगण्याचा प्रयत्न केला, तर त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तरच राहणार नाही.

तिचेच उदाहरण घेऊ. पदार्थभिंगाचे नाभीय अंतर 100 सेंमी आणि नेत्रिकेचे 5 सेंमी आहे असे समजू. चंद्र आपल्या डोळ्याशी साधारण अर्ध्या अंशाचा कोन करतो, म्हणून 100 सेंमीवर त्याची प्रतिमा सुमारे 0.87 सेंमी उंचीची पडते. चंद्राचा व्यास सुमारे 3,474 किमी आहे, तेव्हा उंचीच्या हिशेबाने हे प्रचंड लघुकरण आहे आणि त्या मुलीचे म्हणणे पूर्णपणे खरे आहे. आता ही 0.87 सेंमीची प्रतिमा नुसत्या डोळ्याने 25 सेंमीवरून पाहिली, तर ती सुमारे दोन अंशांचा कोन करते, म्हणजे आकाशातल्या चंद्राच्या चौपट. नेत्रिका तीच प्रतिमा 5 सेंमीवरून पाहू देते, त्यामुळे कोन आणखी पाचपट होऊन दहा अंशांवर जातो. चार गुणिले पाच म्हणजे वीस, आणि `M = f_o / f_e` हे सूत्रही वीसच सांगते. पदार्थभिंग चंद्राला मोठे करीत नाही. ते चंद्राची लहान प्रतिकृती आपल्या हाताशी आणून ठेवते, आणि जवळ आल्यामुळे कोन वाढतो.

अकरावीचा विद्यार्थी :
सर, मला एवढेच हवे आहे की परीक्षेत कोणते सूत्र लिहावे. मी `f_o / f_e` ऐवजी दोन्ही भिंगांच्या शक्ती काढल्या, 1 डायॉप्टर आणि 20 डायॉप्टर, आणि भागाकार करून ‘विशालनक्षमता 20 डायॉप्टर’ असे लिहिले होते. उत्तर 20 आले तरी गुण कापले गेले.

भाषांतरकार, धरमपेठ :
मी म्हणत होतो ती गल्लत हीच.

निवृत्त प्राध्यापक, प्रकाशशास्त्र :
आकडा बरोबर येणे हा इथे योगायोग नाही, कारण शक्ती ही नाभीय अंतराची व्यस्त असते आणि म्हणून नेत्रिकेची शक्ती भागिले पदार्थभिंगाची शक्ती हे गुणोत्तर तेच येते. चूक एककात आहे. दोन कोनांच्या गुणोत्तराला एकक असूच शकत नाही, आणि ‘क्षमता’ हा शब्द वाचून हात आपोआप डायॉप्टरकडे गेला. प्रश्नात अंतिम प्रतिमा कुठे आहे ते मात्र आधी वाचावे. ती अनंत अंतरावर असेल, म्हणजे सामान्य समायोजन असेल, तर 20, आणि दोन भिंगांमधले अंतर 105 सेंमी. ती 25 सेंमीवर असेल तर नेत्रिका पाचऐवजी सहापट कोन वाढवते, म्हणून चार गुणिले सहा, 24. तेव्हा प्रतिमा नेत्रिकेपासून 4.17 सेंमीवर यावी लागते आणि भिंगांमधले अंतर 104.17 सेंमी होते.

लॅब टेक्निशियन, मेडिकल चौक :
मी गेली अठरा वर्षे रक्ताच्या स्लाइडी पाहतो. आमच्या मायक्रोस्कोपच्या भिंगावर 40 कोरलेले असते, नेत्रिकेवर 10×, आणि आम्ही 400 पट म्हणतो. वरच्या हिशेबाने या 400 ला काय म्हणावे? शिवाय त्याच भिंगावर 160 असाही आकडा असतो. तो नळीच्या लांबीचा आहे असे मला शिकवले होते, म्हणून मी मुलाला गृहपाठात नळीची लांबी म्हणून तोच घालायला सांगितले, आणि त्याचे उत्तर चुकले.

निवृत्त प्राध्यापक, प्रकाशशास्त्र :
आपला प्रश्न या चर्चेसाठी फार मोलाचा आहे, कारण आपल्या 400 मध्ये दोन्ही शब्द एकत्र नांदतात. त्यातील 40 हे खरेखुरे विशालन आहे. लाल रक्तपेशी साधारण 0.007 मिमी रुंद असते, आणि पदार्थभिंग तिची सुमारे 0.28 मिमी रुंदीची वास्तव प्रतिमा नळीत पाडते. ती पडद्यावर घेऊन मोजता येईल. नेत्रिकेवरचे 10 मात्र कोनीय आहे. तिचे नाभीय अंतर 25 मिमी असते, आणि 250 भागिले 25 म्हणजे 10, म्हणजेच 25 सेंमीवरून नुसत्या डोळ्याने पाहण्याच्या तुलनेत दहापट कोन. गुणाकार 400 हा संपूर्ण उपकरणाचा, आणि त्याला विशालनक्षमताच म्हटले पाहिजे.

तुलना कशाशी केली, हेही शब्दाबरोबर सांगितले जावे. चंद्र 25 सेंमीवर आणता येत नाही, म्हणून दूरदर्शकात तुलनेचा कोन हा चंद्र आहे तिथूनच केलेला कोन असतो. स्लाइड मात्र डोळ्यापासून 25 सेंमीवर धरता येते, म्हणून सूक्ष्मदर्शकात तुलना त्या जागी ठेवलेल्या वस्तूशी होते. सूक्ष्मदर्शकाच्या सूत्रात 25 नेहमी येतो आणि सामान्य समायोजनातील दूरदर्शकाच्या सूत्रात तो दिसत नाही, याचे कारण एवढेच आहे.

आता नळीविषयी. ‘नळीची लांबी’ या शब्दाला तीन अर्थ आहेत आणि आपल्या मुलाचा घोटाळा तिथेच झाला. भिंगावरचे 160 मिमी ही यांत्रिक लांबी आहे. ती पदार्थभिंग जिथे आट्यांनी बसते त्या कडेपासून नेत्रिका जिथे टेकते त्या कडेपर्यंत मोजतात. दुसरा अर्थ दोन भिंगांमधले अंतर. तिसरा, आणि `M = (L / f_o) × (25 / f_e)` या सूत्रातला `L`, म्हणजे पदार्थभिंगाच्या नळीतील नाभीपासून नेत्रिकेच्या नळीतील नाभीपर्यंतचे अंतर. समजा `f_o` 1 सेंमी, `f_e` 5 सेंमी, आणि पदार्थभिंगाची प्रतिमा त्याच्यापासून 16 सेंमीवर आहे. अंतिम प्रतिमा अनंत अंतरावर असेल तर भिंगांमधले अंतर 21 सेंमी, पण `L` मात्र 15 सेंमी. खरे उत्तर 15 गुणिले 5, म्हणजे 75. कोणी 21 घातले तर 105 येते. ताळा पाहायचा असेल तर वस्तूचे अंतर काढावे. ते 16 भागिले 15, म्हणजे सुमारे 1.067 सेंमी येते, आणि 16 ला त्याने भागले की 15 च मिळतात.

महाल येथील शिक्षिका :
सर, मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आता मला नीट मांडता येईल. किरणाकृतीतही असेच काही शब्दामुळे बिघडते का? ‘दूरच्या वस्तूपासून समांतर किरण येतात’ असे सांगितले की बहुतेक मुले ते मुख्य अक्षालाच समांतर काढतात.

निवृत्त प्राध्यापक, प्रकाशशास्त्र :
होय, आणि चाचणीत सर्वाधिक गुण इथेच जातात. अक्षाला समांतर किरण नाभीवर, म्हणजे अक्षावरच एकत्र येतात, मग तिथे खाली लोंबणारा प्रतिमेचा बाण कुठून येणार? ‘एकमेकांना समांतर, पण अक्षाशी तिरके’ असे पूर्ण वाक्य सांगावे. चंद्राच्या वरच्या कडेपासून आलेले तीन तिरके किरण काढावेत. त्यातील प्रकाशीय मध्यातून जाणारा किरण सरळ जातो, आणि तो नाभीतून जाणाऱ्या उभ्या रेषेला जिथे मिळतो तिथे बाकीचे दोन वळवावेत. प्रतिमेपाशी किरण थांबत नाहीत आणि वळतही नाहीत. ते तसेच सरळ पुढे नेत्रिकेवर पडतात. बाहेर पडताना त्यांची दिशा ठरवण्यासाठी प्रतिमेच्या टोकापासून नेत्रिकेच्या मध्यातून एक तुटक रेषा काढावी आणि बाहेर पडणारे तिन्ही किरण तिला समांतर ठेवावेत. या तुटक रेषेचा अक्षाशी होणारा कोन आणि सुरुवातीच्या किरणांचा अक्षाशी होणारा कोन, हे दोन कोन आकृतीत दाखवले की विशालनक्षमतेची व्याख्या आकृतीतच दिसते.

भाषांतरकार, धरमपेठ :
दोन कोनांची गोष्ट मला पटली, आणि माझे गाडीचे उदाहरण चुकले हे मान्य करतो. तरीही ‘क्षमता’ हा शब्द ठेवण्यास माझा विरोध कायम आहे. गुणोत्तर कोनांचे आहे तर ‘कोनीय विशालन’ म्हणावे. त्यात तुलना कशाची हे शब्दातच येते, आणि वरच्या विद्यार्थ्यासारखे कोणी डायॉप्टर लिहिणार नाही.

निवृत्त प्राध्यापक, प्रकाशशास्त्र :
शब्द म्हणून तो अधिक नेमका आहे. मात्र प्रश्नपत्रिकेत जो शब्द येतो तो मुलांना ओळखता आलाच पाहिजे, आणि ‘कोनीय विशालन’ वाचल्यावर ते सूक्ष्मदर्शकात 25 सेंमीवरील वस्तूशी तुलना करतील की वस्तू प्रत्यक्षात जिथे आहे तिथल्या कोनाशी, हा प्रश्न त्या शब्दानेही सुटत नाही.

महाल येथील शिक्षिका :
मी टिपणात पहिल्यांदा ‘विशालनक्षमता, म्हणजेच कोनीय विशालन’ असे लिहीन आणि त्याखाली दोन्ही उपकरणांतील तुलनेचा कोन वेगवेगळा सांगेन. ‘नळीची लांबी’ या शब्दाऐवजी सूक्ष्मदर्शकासाठी ‘नाभींमधले अंतर’ लिहावे असे मला वाटते. त्यावर कोणाचा आक्षेप असल्यास शनिवारी टिपण छापायला जाण्यापूर्वी इथे कळवावे.

लॅब टेक्निशियन, मेडिकल चौक :
ताई, आक्षेप नाही. पण भिंगावरच्या 160 चीही एक ओळ त्यात असू द्या, कारण माझ्या मुलासारखे घरी मायक्रोस्कोप पाहिलेले मूल तो आकडा हमखास घालणार.