‘उमेदवार पाहिजे’ लिहिलं आणि पंचाईत झाली: इंटर्नला तुम्ही काय म्हणता?

शीतलामाता_गल्ली
नमस्कार मंडळी. इंदूरला शीतलामाता बाजाराजवळ आमचं छोटं साड्यांचं दुकान आहे, महेश्वरी जास्त, चंदेरी थोडी. दुकानात मी, सासरे आणि वीस वर्षं जुने एक काका, बस. आता पहिल्यांदाच कॉलेजमधली एक मुलगी तीन महिने इंटर्न म्हणून घ्यायची आहे तर मी काम काय ते आणि पहिल्या आठवड्याचा प्लॅन लिहून मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. असा:

“साडीच्या दुकानात उमेदवार पाहिजे. मुदत तीन महिने. दुकानाची सगळी कामं शिकवू. पहिल्या हप्त्याचा प्लॅन खाली आहे.”

दोन फोन आले. एका आजोबांनी विचारलं, कुठल्या पक्षाचं तिकीट आहे? (थट्टा असावी.) दुसरा फोन पुण्याहून इथे लग्न होऊन आलेल्या बाईंचा, पहिला हप्ता किती नि उरलेले कधी भरायचे? म्हणजे त्यांना वाटलं फी घेऊन शिकवतोय! आम्ही घरी ‘पुढच्या हप्त्यात येते’ असंच बोलतो हो. माझं मराठी चुकलं का, आणि इंटर्नला नेमकं काय लिहू?

सदाशिवकर
हप्ता म्हणजे आठवडा हे हिंदी झालं. मराठीत हप्ता कर्जाचा असतो नाहीतर गुंडाचा. आणि इंटर्नसाठी आंतरवासी हा सरकारमान्य शब्द आहे, आंतरवासिता सुद्धा. वापरत नाही म्हणून शब्द मरतात.

शीतलामाता_गल्ली
अहो आंतरवासी वाचून मुलगी विचारेल राहायची सोय आहे का!

दौलतगंजचा_म्हातारा
ग्वाल्हेरहून. सदाशिवकर, आंतरवासी डॉक्टरांच्या शिक्षणातला शब्द, तो दवाखान्यातच शोभतो. उमेदवार शब्द सुनबाईंनी अगदी योग्य वापरला होता. ‘अमक्या वकिलांकडे दोन वर्षं उमेदवारी केली’ हे आमच्या लहानपणी रोजचं वाक्य. उमेद धरून बसलेला तो उमेदवार, मग उमेद कामाची असो की तिकिटाची. पण एक लक्षात घ्या, उमेदवारी बहुतेक फुकट असायची. आमच्या वडिलांनी एका पेढीवर आठ महिने फक्त शाई कालवली नि चहा आणला, पैसा नाही. म्हाताऱ्या माणसाच्या कानात त्या शब्दाबरोबर ‘पैसे मिळणार नाहीत’ हेही येतं.

हप्त्याचं म्हणाल तर फारसीत हफ्त म्हणजे सात, त्यावरून हफ्ता म्हणजे आठवडा. आठवड्याला फेडायची रक्कम तोही हप्ता, नि मग महिन्याने भरली तरी हप्ताच राहिला. तेव्हा इंदूरवाल्यांचा अर्थ मूळचा आहे, पुण्याचा नंतरचा.

सदाशिवकर
म्हणजे शेवटी संस्कृत सप्ताहच की, फारसीने आपल्याकडून घेतला.

दौलतगंजचा_म्हातारा
घेतला नाही. सप्त आणि हफ्त सख्खे भाऊ, बापलेक नव्हेत. सिंधू नि हिंदू सारखं, स चा तिकडे ह होतो.

मांडवी_बडोदे
आमच्याकडे बडोद्याला गुजरातीतही हप्तो म्हणजे इन्स्टॉलमेंटच आणि आठवड्याला अठवाडियुं, त्यामुळे मी सदाशिवकरांच्या बाजूने. पण ताई एक सांगते, ‘शिकाऊ उमेदवार’ चुकून लिहू नका हं. 1961 चा कायदा आहे त्या नावाचा, मग नोंदणी, करार, सगळं मागे लागतं. माझ्या दिरांच्या कारखान्यात झालंय.

एचआर_पण_मराठी
मांडवीताई, अर्धं बरोबर. शब्द लिहिला म्हणून कायदा लागत नाही. अप्रेंटिस घेण्याची सक्ती 30 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी आहे, 4 ते 29 वाल्यांना ऐच्छिक, नि यांच्या दुकानात तर तीनच जण. पण उलटी बाजू कोणी बघत नाही. इंटर्न असं नाव दिलं आणि तिला दिवसभर काउंटरवर साड्या विकायला उभं केलं तर ती कामगारच झाली, नाव काहीही असो, किमान वेतनाचा प्रश्न येतो. म्हणून ताई, शब्द नंतर ठरवा, तुमच्या कागदातली खरी अडचण ‘सगळी कामं शिकवू’ ही आहे. ती मुलगी तीन महिन्यांनी गेल्यावर दुकानात काय वेगळं दिसायला पाहिजे?

शीतलामाता_गल्ली
खरं सांगू? कपाटांत साधारण चारशे साड्या आहेत आणि यादी फक्त सासऱ्यांच्या डोक्यात आहे. गिऱ्हाईक फोनवर फोटो मागतं नि आम्ही अर्धा तास शोधतो. प्रत्येक साडीला नंबर, फोटो, माहिती झाली तर मी गंगेत न्हाले. पण मी पहिल्या आठवड्यात सोमवारी स्टॉक, मंगळवारी बिलं आणि जीएसटी, बुधवारी काउंटर, गुरुवारी इन्स्टाग्राम, शुक्रवारी महेश्वरला माग बघायला असं लिहिलंय.

निपानिया_आई
माझा मुलगा कोडिंग शिकतोय, रिमोट चालेल का? सर्टिफिकेट मिळेल ना?

एचआर_पण_मराठी
निपानियाताई, साडीची घडी रिमोट कशी घालणार 😄

ताई, पाच दिवसांत पाच खाती दाखवली तर शुक्रवारी तिला एकही काम एकटीने येणार नाही, आणि तुम्ही म्हणाल मुलगी मठ्ठ आहे. आठवड्यात एकच काम पक्कं करा, साडीची नोंद. सोमवारी लिहायचं काहीच नाही, फक्त साडी उघडणं, पदर ओळखणं नि परत घडी घालणं, तुमच्या काकांच्या हाताखाली. मंगळवार-बुधवार तुम्ही दोघी मिळून रोज दहा साड्या नोंदवा, तुम्ही बोला नि ती लिहील, मग उलटं. गुरुवारी ती एकटी वीस. शुक्रवारी त्या वीसमधल्या कुठल्याही पाच तुम्ही काढा आणि नोंद वाचून साडी सापडते का, साडी बघून नोंद जुळते का हे तपासा. पाचात दोन चुकल्या तर तिला रागावण्याआधी बघा दोन्हीकडे एकच रकाना चुकलाय का, तसं असेल तर तुमचं सांगणं कमी पडलंय. शनिवारी नवीन काम नाही, तिला काय कळलं नाही ते विचारा.

आणि टॅग आधी बांधायचा, फोटो नंतर. उलटं केलं की मध्ये गिऱ्हाईक येतं, काका साडी उचलून दाखवतात, ती दुसऱ्या कपाटात जाते, आणि फोटो कुठल्या साडीचा हे देवाला माहीत. हे मी एका चपलांच्या दुकानात भोगलंय, तीन दिवसांचं काम परत केलं.

मांडवी_बडोदे
पैशाला काय लिहिणार? मानधन नको हं, मानधन म्हटलं की मान जास्त नि धन कमी.

सदाशिवकर
विद्यावेतन. शिकणाऱ्याला देतात ते विद्यावेतन, याबद्दल तरी वाद नको.

दौलतगंजचा_म्हातारा
वाद आहे. पगार लिहा. पोर्तुगीजांकडून आलाय, पण चारशे वर्षांत पोराबाळांना कळतो. विद्यावेतन सरकारी वाटतं, सहा महिन्यांनी मंजूर होईल असं.

शीतलामाता_गल्ली
मी काल रात्री परत लिहिलंय. बघा:

“साड्यांच्या दुकानात शिकाऊ मुलगी किंवा मुलगा पाहिजे (इंटर्न). मुदत तीन महिने, सोमवार ते शनिवार, दुपारी 12 ते 4. काम एकच: दुकानातल्या साधारण चारशे साड्यांना नंबर लावणं, फोटो काढणं, वहीत आणि फोनमध्ये नोंद करणं. विक्री, गल्ला आणि उधारी तुमच्याकडे नाही. महिन्याला 7,000 रुपये, दर महिन्याच्या 5 तारखेला. काम मी स्वतः शिकवीन, अडलं तर मलाच विचारायचं. मराठी किंवा हिंदी लिहिता आलं पाहिजे, साडीतलं काही माहीत नसलं तरी चालेल.”

आणि हप्ता काढून ‘पहिले सहा दिवस’ लिहिलंय. सासरे म्हणाले हे नोकरीचं आहे की कोर्टाचं 😅

एचआर_पण_मराठी
झकास. 7,000 मात्र तुमच्या तासांच्या हिशेबाने मध्य प्रदेशच्या सध्याच्या किमान दराशी एकदा ताडून बघा, दर बदलत असतात. आणि 12 ला बोलावताय तर फोटो आल्या आल्या दाराशी काढा. ट्यूबलाइटखाली रंग बदलतो नि मग साडी परत येते.

शीतलामाता_गल्ली
हो ना, रंगाचंच तर! काल भाचीला बसवून दहा साड्यांची नोंद करून बघितली. तिने चार साड्यांना पिंक लिहिलं. त्यात एक डाळिंबी होती, एक गुलबक्षी, एक राणी आणि एक अबोली. नंतर ती वही बघून मला एकही नक्की सापडली नाही. मग सासऱ्यांनी चिंध्यांच्या गाठोड्यातून तुकडे काढले, मी पुठ्ठ्यावर चिकटवून खाली नावं लिहिली, आता तो पुठ्ठा भिंतीवर लावीन. बारा रंगांवर थांबलो. आमच्या महेश्वरवाल्यांची जुनी नावं पण आहेत त्यात, अंगूरी, तपकीर, आमरक, जामला.

सदाशिवकर
जामला नव्हे, जांभळा. पुठ्ठ्यावर तरी शुद्ध लिहा, मुलगी तेच शिकेल.

दौलतगंजचा_म्हातारा
अहो माग चालवणाऱ्याच्या तोंडी जामला आहे तर जामलाच. अहिल्याबाईंनी विणकर आणून वसवले तेव्हापासून मराठी, हिंदी सगळं त्या मागावर एकत्र विणलंय. डाळिंबीला तिकडे दालिंबी म्हणतात, तीही बदलणार का?

मांडवी_बडोदे
आमरक म्हणजे कुठला? आमसुली का?

शीतलामाता_गल्ली
नाही नाही, आमसुली काळपट. आमरक सोनेरी, पिवळ्याच्या पुढचा.

मांडवी_बडोदे
मग आमच्याकडे त्याला केसरी म्हणतील.

सदाशिवकर
केसरी आणि सोनेरी एक नाही हो. आणि तपकीर हा रंग नाही, नाकात ओढायची वस्तू आहे. रंग तपकिरी.

शीतलामाता_गल्ली
सासरे म्हणतात तपकीर ओढणाऱ्याच्या धोतराचा रंग बघा, मग बोला. बरं, दोन मुली उद्या भेटायला येतायत. एकीने फोनवर विचारलं, शिकाऊ म्हणजे इंटर्नच ना? कारण कॉलेजच्या फॉर्मवर इंटर्न लिहिलेलं लागतं.

निपानिया_आई
म्हणजे सर्टिफिकेट देताय ना?