कंटेनर येण्याची सूचना: ग्राहकाला काय कळवावे

«जहाजाचे नाव आणि ईटीए कळवला, तेवढे पुरे आहे का?»

पुरे नाही, कारण वाटेत कंटेनर दुसऱ्या जहाजावर चढणार असेल तर पहिल्या जहाजाचा माग मधल्याच बंदरात संपतो. म्हणून चार अक्षरे व सात अंकांचा कंटेनर क्रमांक, तसेच पुढच्या जहाजाचे नाव आणि फेरी क्रमांकही द्यावा. ईटीए ही जहाज बंदरात पोहोचण्याची अपेक्षित वेळ असते. कस्टम्सची मंजुरी आणि वाहतूक त्यानंतरची, हे स्पष्ट लिहावे.

ट्रेलरवरच्या कंटेनरचा तळ जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच असतो, त्यामुळे डॉक नसल्यास रॅम्पची सोय आधीच करायला सांगावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सील तोडण्यापूर्वी त्याचा क्रमांक कागदपत्रांशी जुळवून फोटो काढावा. एकदा सील तुटले की माल कमी भरल्यास दावा सिद्ध करणे फार कठीण जाते.