मदत हवी आहे: सकाळची नाडी अचानक वाढली, रविवारचा लाँग रन करू का?

सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे. उठल्यावर अंथरुणातच, चहाच्या आधी, नाडी मोजतो. एरवी ५२ ते ५४ असते. परवापासून ६१-६२ येतेय. घड्याळावर भरवसा नको म्हणून मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिटभरही मोजली, आकडा तोच.

एखाद्या दिवशी दोन-चार ठोके वाढले तर मी लक्ष देत नाही. अपुरी झोप, पाणी कमी, रात्रीचं उशिरा जेवण, कशानेही वाढतात. पण यावेळी झोप नीट झालीय आणि वाढ टिकून आहे. गेल्या आठवड्यात यवतेश्वर घाटात चढाचे रिपीट्स जरा जास्तच झाले, त्याचा थकवा असेल का? की ताप येण्याआधीची चाहूल? घरात मुलाला सर्दी-खोकला आहे, म्हणून मला दुसरीच शंका जास्त येते. नुसत्या आकड्यावरून दोन्ही वेगळं ओळखता येत नाही, हीच पंचाईत.

सध्या फक्त चालतोय. ताप, छातीत दुखणं, धडधड काही नाही; तसं झालं तर थेट डॉक्टरकडे जाईन. तुम्ही अशा वेळी नाडी पूर्ववत होईपर्यंत पूर्ण थांबता, की हळू जॉगिंग चालतं?