भावंडांचं कामांवरून भांडण : रोल-प्लेचे तुमचे अनुभव सांगा

नेरूळची मावशी : आमच्या सोसायटीत मे महिन्यात मुलांचं वर्कशॉप घेतलं, त्यात घरकामावरून भांडणारी ताई आणि दादू असा रोल-प्ले मी लिहिला. पहिल्यांदा फसला, कारण मी समेटसुद्धा लिहून ठेवला होता. दादू म्हणतो 'सॉरी ताई', टाळ्या, संपलं, कोणी डोकंच चालवलं नाही. दुसऱ्या बॅचला फक्त भांडण दिलं :

ताई : पाणी मी भरलं, कपडे मी वाळत घातले. तू काय केलंस?
दादू : कचरा खाली नेला, दूध आणलं. दोन तुझी, दोन माझी, फिट्टंफाट!
ताई : तुझी दोन दहा मिनिटांत उरकतात.
दादू : मग तू मोठी आहेस ना!

इथे 'स्टॉप', पुढचं मुलांनी ठरवायचं. तुमच्याकडे कसं झालं, लिहा.

कळव्याची आई : आमच्याकडे दर रविवारी चिठ्ठ्या टाकतो, प्रत्येकी तीन कामं, सगळं समान, भांडण नाहीच.

नाटकवाला, ठाणे : चिठ्ठ्यांनी भांडण थांबतं पण वाटणी बरोबर होतेच असं नाही. मी स्टॉपनंतर भूमिका बदलतो, दादू ताई होतो आणि तेच भांडण पुन्हा करायचं. मग फळ्यावर कामापुढे मिनिटं लिहून घेतो. एका गटात ताईची पन्नास निघाली, दादूची बारा. त्यावर दादू झालेली मुलगी म्हणाली, 'पण पाणी सहाला येतं, म्हणजे ताईची झोपही जाते.' मिनिटांपेक्षा मोठी गोष्ट तिला दिसली, काही कामं घड्याळाला बांधलेली असतात, कपड्यांच्या घड्या मात्र रात्री दहालाही घालता येतात. त्यानंतर ताईने कामांच्या दोन याद्या करायच्या आणि आधी उचलायची दादूने. मग याद्या आपोआप सारख्या होतात, कारण वाईट यादी आपल्याच गळ्यात येईल ना!
आणि सख्ख्या भावंडांना त्यांच्याच भूमिका देऊ नका. मी एकदा दिल्या तर मुलगी खरंच रडली, घरचं सगळं बाहेर आलं. शेवटी भूमिकेच्या नावाच्या पट्ट्या काढून प्रत्येकाने स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, हे मी चुकवत नाही.

ऐरोलीकर : आम्ही तिघं भावंडं, पन्नाशीतले. आईचं औषधपाणी, डॉक्टर सगळं माझ्याकडे, कारण मी जवळ राहतो. भाऊ पैसे पाठवतो आणि म्हणतो हिशोब झाला. याद्या कोणी करायच्या इथे?

नेरूळची मावशी : दादा, हा रोल-प्ले मुलांचा आहे, पण तुमचं वाचून पोटात कालवलं. तिघांत 'एकाने वाटायचं, दुसऱ्याने उचलायचं' जमत नाही, तिसऱ्याला उरलेलंच मिळतं. नाटकवाले, तुम्ही तीन मुलं घेऊन केलंय का कधी?

नाटकवाला, ठाणे : केलंय. दोघं एक झाले आणि धाकट्याच्या गळ्यात बाथरूम आलं. तिसऱ्या आठवड्याला यादी फिरवायची असं त्यांनीच ठरवलं, घरी जाऊन पाळलं का ते नाही कळलं.

कळव्याची आई : पाणी भरायची चिठ्ठी आमच्या धाकटीला तीनदा आली होती, मी म्हटलं तुझं नशीब. आज रात्री मिनिटं लिहून बघते.