मदत हवी आहे: मेलमध्ये अ‍ॅट, ऑन की इन? (तातडीचं)

रेवती_चाकण
सोमवारी सकाळी साडेदहाला व्हिडिओ कॉल आहे, एवढंच मेलमध्ये लिहायचंय. ऑफिसात एक जण म्हणतो इन, दुसरा म्हणतो ऑन. साडेचारच्या आत मेल जायला हवा. कृपया नेमकं सांगा.

शिंदे_सर_सातारा
यात गोंधळ कसला? घड्याळाची वेळ असेल तर अ‍ॅट, वार असेल तर ऑन, महिना असेल तर इन. सकाळ, दुपार, संध्याकाळ यांना इन. म्हणजे ऑन मंडे इन द मॉर्निंग अ‍ॅट टेन थर्टी. चौदा वर्षं हेच शिकवतोय.

मेघना_ल
सर, ते चूक नाही, पण मेलमध्ये कोणी असं लिहीत नाही. रेवतीताई, तुम्ही लिहिलेलं पूर्ण वाक्य टाका ना. आणि मेल कोणाला जाणार आहे? भारतात की बाहेर?

पाटील_कोल्हापूर
माझ्या मुलीच्या आठवीच्या पेपरात गाळलेल्या जागा भरायला होत्या. तिने 'अ‍ॅट नाइट' लिहिलं आणि बाईंनी काट मारून 'इन नाइट' केलं. कोणाचं बरोबर?

रेवती_चाकण
वाक्य सोपं आहे म्हणून टाकलं नव्हतं. मेल बर्मिंगहॅमच्या खरेदीदाराला जाणार आहे. आम्ही पंपाचे सुटे भाग पाठवतो. हे घ्या:

```
We will start the video call in Monday morning at 10.30 in 27th October.
I will send the drawings in two days.
```

मेघना_ल
आता कळलं. मी नऊ वर्षं एक्स्पोर्टची पत्रं लिहितेय, हीच चूक रोज बघते. मराठीत आपण 'सोमवारी' म्हणतो, 'सकाळी' म्हणतो आणि 'साडेदहाला' म्हणतो. प्रत्येक शब्दाला त्याचा त्याचा प्रत्यय लागतो. म्हणून इंग्रजीतही प्रत्येकासाठी वेगळा शब्द शोधावासा वाटतो. सकाळ एकटी असेल तेव्हा तिला इन लागतं हे खरं. पण तिच्या आधी वार येऊन बसला की दोन्ही मिळून एकच गोष्ट होते आणि त्या गोष्टीला ऑन लागतं: ऑन मंडे मॉर्निंग. तारखेचंही तसंच आहे. नुसता ऑक्टोबर असेल तर इन ऑक्टोबर, पण 27 हा आकडा आला की तो दिवस झाला, मग ऑन. घड्याळाची वेळ मात्र या जोडीत मिसळत नाही, तिचं अ‍ॅट तिच्याबरोबरच राहतं.

```
We will start the video call at 10.30 on Monday morning, 27 October.
```

पाटीलकाका, तुमच्या मुलीचं बरोबर आहे. नुसत्या रात्रीला अ‍ॅट लागतं, आणि दुपारी बाराला अ‍ॅट नून. 'इन द नाइट' कधीमधी म्हणतात, मध्यरात्री काही आवाज झाला वगैरे सांगताना. पण 'इन नाइट' कोणी म्हणत नाही.

शिंदे_सर_सातारा
मंडे मॉर्निंगबद्दल मान्य. पण मग 'टुमॉरो मॉर्निंग'ला काय लावायचं? तुमच्या नियमाने ऑन लागलं पाहिजे.

मेघना_ल
त्याला काहीच लागत नाही, सर. टुमॉरो, टुडे, यस्टरडे, आणि नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी हे शब्द आले की तिन्हींपैकी काही लागत नाही. आपल्याकडच्या मेलमध्ये 'ऑन नेक्स्ट मंडे' सर्रास दिसतं. ते 'नेक्स्ट मंडे' एवढंच हवं. मात्र मी स्वतः मेलमध्ये 'नेक्स्ट मंडे' लिहायचं टाळते. बुधवारी मेल गेला तर येणारा सोमवार की त्याच्या पुढचा, यावर वाचणाऱ्याचं आणि आपलं एकमत असेलच असं नाही. तारीख लिहून मोकळं व्हावं.

कौस्तुभ_डेट्रॉइट
अमेरिकेत ऑनसुद्धा गाळतात. 'सी यू मंडे' म्हणतात, मेलमध्येही लिहितात. त्यामुळे एवढा विचार नको. मी म्हणतो वाक्यच लिहू नका, कॅलेंडरचं इन्व्हाइट पाठवा. दिवस, वेळ सगळं त्यात येतं. आमच्या टीममध्ये मेलवर वेळ लिहिणं बंदच केलंय.

मेघना_ल
तुमच्या टीमची ओळख आहे, म्हणून चालतं. हा खरेदीदार परका आहे आणि बर्मिंगहॅम अमेरिकेत नाही.

कौस्तुभ_डेट्रॉइट
अलाबामात एक बर्मिंगहॅम आहे. रेवतीने देश सांगितलेलाच नाही.

रेवती_चाकण
इंग्लंड. आता दुसरं वाक्य कोणी बघेल का? चार वाजायला आले.

नितीन_भोसरी
तुमच्या दुसऱ्या वाक्यात मी स्वतः अडकलोय, म्हणून लिहितो. आपण 'दोन दिवसांत' म्हणतो, म्हणजे दोन दिवस संपायच्या आत कधीही. त्याचं 'इन टू डेज' केलं की इंग्रज वाचतो: आजपासून दोन दिवसांनी. मी एकदा सॅम्पल 'इन टेन डेज' पाठवा असं लिहिलं होतं. मला दहा दिवसांच्या आत हवं होतं, कारण आठव्या दिवशी आमच्याकडे तपासणी होती. त्यांनी दहाव्या दिवशी बरोबर पोचवलं. त्यांची काहीच चूक नव्हती. तेव्हापासून मी 'विदिन' लिहितो.

शिंदे_सर_सातारा
हे पटत नाही. 'मी पुस्तक दोन दिवसांत वाचलं' याला इंग्रजीतही इन टू डेजच म्हणतात. म्हणजे दोन दिवसांच्या आत हाच अर्थ झाला.

नितीन_भोसरी
सर, तिथे पुस्तक वाचायला किती वेळ लागला ते सांगताय. इथे ड्रॉइंग कधी पोचणार ते सांगायचंय. पाठवायला दोन दिवस लागत नाहीत, बटण दाबलं की जातं. म्हणून तो 'दोन दिवसांनी' असंच वाचणार.

शिंदे_सर_सातारा
वाचणाऱ्याला संदर्भावरून कळतं.

मेघना_ल
कळेलही, पण ऑर्डर त्यावर अवलंबून असेल तर कळेल असं धरून चालू नये. 'विदिन' बरोबर आहे. मी 'बाय' आणि वार लिहिते, म्हणजे गुरुवार संपायच्या आत. रेवतीताई, आज मंगळवार, तुम्हाला गुरुवार चालत असेल तर:

```
I will send the drawings by Thursday, 23 October.
```

पाटील_कोल्हापूर
अहो, 23 ला भाऊबीज आहे! ऑफिस चालू आहे का?

रेवती_चाकण
अरे देवा, बंद आहे. मग 24, शुक्रवार. शुक्रवारी उघडतोय. मेघनाताईंनी सुचवलेलं वाक्य तसंच ठेवते, तारीख बदलते. 'दिवाळीत बंद' हेही लिहायला हवं. त्याला ऑन की अ‍ॅट?

कौस्तुभ_डेट्रॉइट
ऑन दिवाळी. सण हा दिवसच असतो.

मेघना_ल
लक्ष्मीपूजनाचा एकच दिवस असेल तर ऑन. आपल्याला चार दिवस म्हणायचेत. इंग्लंडमध्ये ख्रिसमसच्या सगळ्या दिवसांना मिळून अ‍ॅट ख्रिसमस म्हणतात आणि त्या एका दिवसाला ऑन ख्रिसमस डे. त्या धर्तीवर अ‍ॅट दिवाळी चालेल. पण वाचणाऱ्याला दिवाळी किती दिवसांची ते माहीत नसतं. बंद कधीपासून कधीपर्यंत त्या तारखाच द्या.

नितीन_भोसरी
आणखी एक, प्रीपोझिशनचं नाही. साडेदहा कुठले? 26 ऑक्टोबरला इंग्लंडमधली घड्याळं एक तास मागे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. आज त्यांचे साडेदहा म्हणजे आपले तीन. 27 ला त्यांचे साडेदहा म्हणजे आपले चार. आणि तुमचे साडेदहा असतील तर तिकडे पहाटेचे पाच.

रेवती_चाकण
साडेदहा त्यांचे आहेत. पण सगळ्यांना तीन वाजता बसायला सांगितलं होतं! आता चार सांगते. 'यूके टाइम' हे शब्दही मेलमध्ये टाकले. मेल गेला, 4.22 ला. मेघनाताई, नितीनदादा, खूप आभार.

शिंदे_सर_सातारा
इन टू डेजचं माझं मत तेच आहे. सवडीने लिहीन.

पाटील_कोल्हापूर
मेघनाताई, बाईंना काय सांगू? आणि शनिवार-रविवारला अ‍ॅट वीकेंड की ऑन वीकेंड? दोन्ही पाहिलंय.

कौस्तुभ_डेट्रॉइट
आमच्याकडे ऑन द वीकेंड.

मेघना_ल
इंग्लंडमध्ये अ‍ॅट द वीकेंड. काका, पेपर कुठल्या पुस्तकावर होता?