मदत हवी आहे: भाड्याच्या फ्लॅटमध्ये शिरताना वस्तूंच्या स्थितीची यादी आणि फोटो कसे करावेत?

सायली_वाकड

नमस्कार. वाकडला 2 बीएचके घेतोय. 11 महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स, डिपॉझिट 80,000. चावी शनिवारी मिळेल, सामान सोमवारी येईल. मालक दुबईला असतात, इथलं सगळं एजंट बघतो.

मागच्या घराच्या डिपॉझिटमधून 23,500 कापले गेले. त्यातले 9,000 सिंकखालच्या कपाटाचा प्लाय फुगला म्हणून. तो आम्ही राहायला आलो तेव्हाच फुगलेला होता, मी स्वतः बघितला होता, पण फोटो एकही नव्हता. करारात फक्त "किचन ट्रॉली 1, पंखे 5, गिझर 2" एवढं होतं. नग मोजलेले, अवस्था कुठेच नाही.

या वेळी नीट करायचंय. मधल्या दीड दिवसात काय काय तपासू? फोटो कसे काढू म्हणजे पुढे कोणी "हे नंतरचे आहेत" असं म्हणणार नाही? आणि मालकांनी सहीच केली नाही तर?

अनंत_देवळाली

सायलीताई, प्रत्येक खोक्यावर नंबर घाला आणि वहीत लिहा, 1 ते 12 स्वयंपाकघर, 13 ते 20 कपडे. पॅकर्सवाल्यांची त्याच वहीवर सही घ्या. आमची मिक्सरची पेटी अशीच सापडली.

सायली_वाकड

काका, हे सोमवारी नक्की करते. पण माझा प्रश्न मालकाच्या वस्तूंबद्दल आहे. पंखे, नळ, ओटा, भिंती.

रोहित_ठाणे

सोपं आहे. 500 च्या स्टँपवर यादी टाइप करा, नोटरी करा, फोटो एजंटला व्हॉट्सअ‍ॅप करा. विषय संपला. मालकाने उत्तर दिलं नाही तर त्याला मान्य आहे असंच धरतात.

विद्या_बाणेर

मी बाणेर-औंध भागात परदेशातल्या मालकांचे फ्लॅट सांभाळते, त्यामुळे ही भांडणं दोन्ही बाजूंनी बघितली आहेत.

रोहित, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा हे बरोबर, पण फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होतो आणि कधी काढला ही आतली नोंदही निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. त्याहून चांगलं म्हणजे मालकांना ईमेल, आणि मूळ फाइल फोनमधून पुसायची नाही. नोटरीची गरज मला कधी पडली नाही. दोघांच्या सह्यांचा साधा कागद, प्रत्येक पानावर तारीख, तेवढं पुरतं.

सायली, यादीत "चांगली" हा शब्द शक्यतो लिहू नकोस. "खिडकी: चांगली" यावर तू सही केलीस की कोपऱ्यातली तडा गेलेली काचही चांगलीच होती असं तू कबूल केलंस. काय दिसतं आणि कुठे दिसतं ते लिही. "हॉलची खिडकी, डावी सरकती काच, खालच्या कोपऱ्यात बोटभर तडा."

तुझा प्लायचाच मुद्दा घे. सिंक काठोकाठ भर आणि मग जाळी एकदम उघड. खाली टॉर्च धरून जोडाकडे बघ. नळ नुसता सोडला तर बारीक गळती दिसत नाही, पूर्ण लोंढा आला की दिसते. मग प्लायची खालची कड बोटाने चाचप. फुगलेली असेल तर शेजारी स्टीलची पट्टी धरून फोटो काढ. चांगला भाग 18 मिमी आणि फुगलेला 22 मिमी असं पट्टीवर दिसलं की कोणी वाद घालत नाही. आधी पूर्ण ओटा दिसेल असा लांबून एक फोटो, मग जवळून. नुसता जवळचा फोटो कुठल्याही घरातला असू शकतो.

संडासाच्या फ्लश टाकीत चार थेंब निळी शाई टाक आणि अर्धा तास फ्लश करू नकोस. भांड्यात निळं उतरलं तर टाकी गळते. न्हाणीत दोन बादल्या पाणी ओत, जाळीकडे जातं की दाराकडे येतं ते बघ. गिझर पंधरा मिनिटं आणि एसी अर्धा तास तरी चालव. महावितरणच्या मीटरचा फोटो घेताना आकड्याबरोबर मीटर नंबरही आला पाहिजे.

भिंतींवर टॉर्च समोरून मारू नकोस, भिंतीला चिकटवून आडवी धर. पोपडे आणि बुजवलेली भोकं तेव्हाच उठून दिसतात.

शेवटी दारापासून सुरू करून सगळं घर एका दमात, न थांबता व्हिडिओत घे. तोंडाने बोलत जा.

नेहा_मुलुंड

आमची यादी अगदी अशीच झाली होती, पण एप्रिलमध्ये. जुलैत बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल आली, लोणा लागला, कपाटाची पाठ काळी पडली. निघताना मालक म्हणाले, तुम्ही खिडक्या बंद ठेवल्या म्हणून झालं. एप्रिलच्या फोटोंत भिंत कोरडी खडखडीत, म्हणजे आमचेच फोटो आमच्या विरोधात गेले. 15,000 अजून अडकले आहेत.

विद्या_बाणेर

नेहा, वाईट झालं. म्हणूनच कोरड्या दिवसांतल्या यादीत मी एक ओळ घालते: "पाहणी पावसाळ्यापूर्वी झाली, ओल तपासता आलेली नाही." आणि डाग दिसला त्याच दिवशी फोटोसह ईमेल. बाहेरून पाणी येत असेल तर डाग सहसा खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून किंवा बीमच्या जोडातून उतरतो. कोंदट हवेची बुरशी ठिपक्यांसारखी, कपाटामागे पसरते. तुमच्या फोटोत डाग वरून खाली ओघळलेला असेल तर ते मालकांना दाखवा.

अ‍ॅड_कोल्हापूर

मालक गप्प राहिला म्हणजे त्याला मान्य आहे, असं रोहित म्हणतात तितकं सरळ नाही. पण त्याला वेळेवर कळवलं होतं, हे ईमेलने दाखवता येतं. शेवटी लिहा: "सात दिवसांत आपल्याला काही वेगळं आढळल्यास कळवावे." एजंटची सही घेत असाल तर "मालकांच्या वतीने" असं लिहून घ्या आणि मालकांनी त्याला तसा अधिकार दिल्याचा निदान एक मेसेज मागा. प्रकरण कोर्टात गेलंच, तर फोटोंसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी मूळ फोन आणि मूळ फाइल जपा.

सायली_वाकड

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी चार तास लागले. दुसऱ्या न्हाणीत पाणी दाराकडे येतं. मागच्या संडासात शाई वीस मिनिटांत उतरली. गिझर दहाव्या मिनिटाला एमसीबी पाडतो. सिंकखाली गळती नाही, पण प्लाय एका कोपऱ्यात 21 मिमी, पट्टीसह फोटो घेतला. एकूण 64 फोटो आणि 11 मिनिटांचा व्हिडिओ ड्राइव्हवर टाकून मालकांना ईमेलमध्ये लिंक दिली. पावसाळ्याची ओळही घातली. एजंटने सही केली, मालकांचं यादीवर उत्तर अजून नाही, पण गिझरसाठी माणूस पाठवतो म्हणाले आहेत.

आता एकच अडलंय. एजंट म्हणतो, निघताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापणारच, पुण्यात तशीच पद्धत आहे. करारात मात्र "नेहमीच्या वापराची झीज वगळून" असं लिहिलंय.

विद्या_बाणेर

घराला शेवटचा रंग कोणत्या वर्षी दिला ते मालकांना ईमेलवर विचार आणि उत्तर यादीला जोड. चार वर्षांच्या जुन्या रंगाचा पूर्ण खर्च तुझ्याकडून मागणं मला पटत नाही.

रोहित_ठाणे

पण इथे सगळेच कापतात हो. करार रजिस्टर व्हायच्या आधी रंगाचं काय ते कलमात लिहून घेता आलं तरच उपयोग.

सायली_वाकड

रजिस्ट्रेशन बुधवारी आहे, बायोमेट्रिकला माणूस घरी येणार. मंगळवारपर्यंत मालकांशी फोनवर बोलून बघते.